दोनदा सांगायची सवय

तीस वर्षं मी जळगावला टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर बसले. कानाला हेडफोन, समोर लाइन जोडायच्या दोऱ्या आणि तोंडात आकडे. कोणाला नागपूर हवं, कोणाला इंदूर, कोणाला अहमदाबादचा कापसाचा व्यापारी. गिऱ्हाइकानं नंबर सांगायचा, मी तो परत म्हणायचा, त्यानं हो म्हणायचं, मग पुढच्या स्टेशनला मी परत तोच नंबर सांगायचा. आणि कशाही घाईत असले तरी तेरा कधी नुसता ‘थर्टीन’ म्हटला नाही. ‘थर्टीन, वन थ्री.’ तीस असेल तर ‘थर्टी, थ्री झिरो.’ खात्यात नवीन पोरी आल्या की मी त्यांना हेच आधी शिकवायची. आकडा दोनदा गेला पाहिजे, बाई, नाहीतर माणूस भलत्याच घरी जाऊन बसतो!

मग एसटीडी आली. गल्लीगल्लीत पिवळ्या पाट्यांची बूथं झाली, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले. मला चौकशीवर बसवलं आणि चौऱ्याण्णव साली हार घालून घरी पाठवलं. खरं सांगते, घरी आले ती तोंड फुगवूनच. एवढा तयार कान, आणि आता त्यानं काय ऐकायचं, तर कुकरच्या शिट्ट्या. म्हणून शहाण्णवच्या जूनमध्ये लीलाधर सर घरी आले तेव्हा मी त्यांना दोनदा चहा पाजला.

लीलाधर सरांचा नव्या पेठेत इंग्रजीचा क्लास होता. त्यांच्यासोबत एक उंच, सावळा, अंग चोरून बसणारा माणूस होता. सर म्हणाले, “लीलाबाई, हा अभिमन. साक्रीकडचा. धुळ्याला शेतकीच्या कॉलेजात शिकवतो. ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठानं ह्याला शिष्यवृत्ती दिलीय, कोरडवाहू जमिनीवर संशोधन करायला. दोन वर्षं. पण आयईएलटीएसची परीक्षा द्यायची आणि चारही भागांत नवापैकी निदान सहा गुण आणायचे. वाचन, लेखन, बोलणं मी बघतो. ऐकण्यात हा आकड्यांशी अडतो. तुम्ही बघा.”

“काय अडतं रे?” मी विचारलं.

अभिमननं मान खाली घातली. “बाकी कळतं, आक्का. फोन नंबर आला, तारीख आली, नावाचं स्पेलिंग आलं की गडबड होते. तेरा का तीस, पंधरा का पन्नास, ध्यानातच येत नाही.”

मी हसले. म्हटलं, सर, देऊन टाका हा पोरगा मला. एक आकडा चुकला तर नाव बदलीन! ही माझी बढाई. आज आठवली तरी जीभ हासडावीशी वाटते.

त्या माणसासाठी काय पणाला लागलंय हे मला पहिल्याच रविवारी कळलं. त्याच्या गावात विहिरी मार्गशीर्षात तळ दाखवतात. पावसावर बाजरी, नागली, पावसानं पाठ फिरवली की काही नाही. ह्याला असल्या जमिनीत ओल कशी धरून ठेवायची ते शिकायचं होतं, आणि ते शिकवणारी माणसं तिकडं होती. परीक्षा ऑगस्टच्या शेवटी, मुंबईला. निकाल तीस सप्टेंबरच्या आत विद्यापीठात पोचायला हवा. त्या वेळी एकदा परीक्षा दिली की तीन महिने परत बसता यायचं नाही. म्हणजे एकच संधी होती. तो हे सगळं सांगत होता आणि मी त्याला म्हणत होते, “होतं रे, मी आहे ना!”

दर रविवारी तो सकाळच्या एसटीनं धुळ्याहून यायचा. पारोळा, एरंडोल करत अडीच तास. माझ्या खोलीत खाटेवर मी, समोर स्टुलावर तो, मांडीवर वही. मी शिकवायला बसले की मला माझं वय विसरायला व्हायचं. त्याला म्हटलं, “तेरा आणि तीस ह्यांत जोर बघ. थर्‌टीन, शेवटाला जोर. थर्टी, सुरुवातीला जोर आणि शेवट तुटका. पण नुसत्या जोरावर विसंबू नको. पुढं शब्द आला की साहेब लोक तेराचाही जोर पुढं आणतात. शेवटचा ‘न’ पकड. ‘न’ ऐकू आला की तेरा, नाही आला की तीस.” तारखांत थर्टीन्थ आणि थर्टीएथ. फोनमध्ये झिरोला ‘ओ’ म्हणतात, दोन सात आले की ‘डबल सेव्हन’. स्पेलिंगात आपल्या लोकांची खरी गोची ए, ई आणि आय ह्यांत होते, म्हणून मी त्याच्याकडून ती तीन अक्षरं मंत्रासारखी घोटून घेतली. जी आणि जे तशीच. आणि शेवटची युक्ती, माणूस बोलता बोलता स्वतःला दुरुस्त करतो. पन्नास म्हणतो, मग म्हणतो, सॉरी, पंधरा. आधीचं खोडायचं, नंतरचं ठेवायचं.

पोरगा हुशार निघाला. पाचव्या रविवारी तर मी मुद्दाम भरभर म्हटलं, तरी वही अचूक. मी खूश, तो खूश. दुपारी मी त्याला भरीत-भाकरी वाढली. तो म्हणाला, “आक्का, तुम्ही नसत्या तर मी बुडालो असतो.” आवडलं मला ते. कशाला खोटं बोलू? दोन वर्षांत कोणी मला असं काही म्हटलं नव्हतं.

पण शिकवताना मी बोर्डावरचीच बाई होते. प्रत्येक आकडा दोनदा. “थर्टीन, वन थ्री.” “कुलकर्णी, के फॉर कानपूर, यू फॉर उदयपूर.” फोन नंबर सलग एकदा आणि मग सुटा सुटा परत. मला त्यात काही वावगं वाटायचंच नाही. श्वास घ्यावा तसं ते होतं.

सहाव्या रविवारी मला ठसका लागला. एक तारीख एकदाच म्हटली आणि खोकत बसले. खोकला थांबल्यावर बघते तर अभिमनची पेन्सिल वहीवर टेकलेली, लिहिलं काहीच नाही, आणि तो माझ्याकडं बघतोय.

“लिहिलं का नाहीस रे?”

“तुम्ही परत म्हणाल ना, आक्का.”

मी परत म्हटलं. त्यानं लिहिलं. बरोबर लिहिलं. त्या क्षणी मला काहीतरी खटकलं होतं, हे मी आज कबूल करते. पण मी ते तिथंच दाबलं आणि पुढचा आकडा घेतला.

त्याच आठवड्यात लीलाधर सरांनी एक कॅसेट पाठवली. मुंबईहून कोणाकडून तरी आणलेली, खऱ्या परीक्षेच्या नमुन्याची. सोबत चिठ्ठी होती. ‘लीलाबाई, ही एकदाच वाजवायची. थांबवायची नाही, परत लावायची नाही. परीक्षेत एकदाच ऐकवतात. पहिल्या भागात फक्त उदाहरण आधी ऐकवून मग सुरुवात परत लावतात, त्यावर त्यानं फसू नये.’

रविवारच्या आधी एकदा आपण बघावी म्हणून मी दुपारी दार लावलं आणि टेप लावला. कागद-पेन घेऊन बसले. म्हटलं, बघू तरी सर कसला बाऊ करतात. एक बाई आणि एक माणूस, घर भाड्यानं घ्यायच्या गोष्टी. नाव, रस्त्याचं नाव, फोन नंबर, कधी येणार ती तारीख. बाई बोलली आणि पुढं गेली. थांबलीच नाही. नंबरातले पहिले तीन आकडे मी टिपले, बाकीच्यांची वाट बघत राहिले, तेवढ्यात ते दोघं भाड्यावर पोचले होते. तारीख गेली. स्पेलिंगातली दोन अक्षरं गेली. पहिल्या दहा उत्तरांत माझी तीन चुकली.

माझी! तीस वर्षं बोर्डावर बसलेल्या लीलाबाईची! त्या दिवशी मला समजलं की माझा कान काही दैवी नव्हता. आयुष्यभर मला ‘रिपीट प्लीज’ म्हणायची मुभा होती, एवढंच. आणि हीच खोड मी त्या पोराला दर रविवारी, दोन-दोन तास लावत होते.

मग शहाण्या बाईनं काय केलं असतं? रविवारी त्याला सांगितलं असतं, “बाबा रे, माझं शिकवणं अर्धं आहे. आजपासून एकदाच.” अजून महिना हातात होता. महिना पुष्कळ होतो. सवय लागते तशी सुटते.

मी कॅसेट कपाटात लुगड्यांच्या खाली सारली. म्हटलं, ह्याच्यासमोर ती वाजवली आणि हा म्हणाला, आक्का, तुम्ही लिहा बघू, तर? लाज वाटली हो मला. साठी गाठलेली बाई मी, आणि एका कॅसेटला भ्याले. सरांनी रस्त्यात विचारलं तेव्हा तोंड वर करून म्हणाले, “वाजवली की! दोनदा घेतली त्याच्याकडून.” उरलेले चार रविवार मी पहिल्यासारखेच घेतले. थर्टीन, वन थ्री.

ऑक्टोबरच्या मध्याला अभिमन आला. रविवार नव्हता, मंगळवार होता. तेव्हाच समजले. दारातच त्यानं पाय धरले आणि कागद पुढं केला. वाचन साडेसहा, लेखन सहा, बोलणं सहा. ऐकणं साडेपाच.

“अर्ध्यानं गेलं, आक्का,” तो म्हणाला.

“काय झालं रे?”

त्यानं सांगितलं. पहिल्याच भागात फॉर्म होता. उदाहरण वाजलं, मग सुरुवात परत लागली, तेव्हा त्याला बरं वाटलं. मग तारीख आली. “थर्टीन्थ होतं, आक्का. ‘न’ ऐकू आला. तेरा आहे हे कळलं मला. पण हात लिहीना. वाटलं, परत येईल, मग लिहू. तेवढ्यात फोन नंबर निघून गेला, त्याच्या मागून रस्त्याचं नाव गेलं. एकासाठी थांबलो आणि तीन गेले. मग घाबरलो. दुसऱ्या भागात परत तसंच झालं. शेवटी उत्तरं उतरवायला दहा मिनिटं देतात, तर उतरवायला हातात काही नाही.”

मी कागदावरचा तो साडेपाच परत वाचला.

“विद्यापीठाला पत्र टाकलं. ते म्हणाले, शिष्यवृत्ती ह्याच वर्षाची. दुसऱ्याला दिली.” तो थोडा हसला आणि त्याच्या बोलीवर आला. “तुम्हनी काही चूक नही शे, आक्का. मना कानज जाड शे. दोन डाव ऐकाशिवाय खरं वाटतच नही. गावना कान शे, आणखी काय.”

इथं मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. त्याच्या पिशवीत माझ्यासाठी एक साडी होती, जांभळ्या काठाची, परीक्षा पास झाल्यावर द्यायला म्हणून आधीच घेतलेली. ती त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, “असतं रे नशीब एकेकाचं.” बघा, नशिबाच्या गळ्यात घातलं सगळं! तो चहा पिऊन गेला आणि मी साडी हातात घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

पुढं दोन वर्षं तो दिवाळीला पत्र टाकायचा. लग्न झालं, पत्रिका आली. मी गेले नाही, गुडघ्यांचं कारण सांगितलं. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात लीलाधर सर भेटले. धुळ्याला कशाला तरी जाऊन आले होते. म्हणाले, “अभिमन भेटला. कॉलेजात त्याला मान आहे. पण एक गोष्ट खटकली. साक्रीकडचा एक विद्यार्थी त्याला परदेशी शिकायला जाण्याबद्दल विचारत होता. हा त्याला म्हणाला, त्या फंदात पडू नको, आपले कान तसे नसतात.”

ते ऐकून मला घरात बसवेना. तो स्वतःला जाड कानाचा म्हणत होता तोवर मी कशीबशी गिळत होते. आता तो तेच दुसऱ्या पोरांना वाटत होता, आणि ते त्याचं नव्हतंच, माझं होतं. दुसऱ्या दिवशी मी लुगड्यांखालून कॅसेट काढली, सरांची चिठ्ठी तिच्यासोबत घेतली आणि एसटीत बसले.

धुळ्याला देवपुरात त्याचं घर सापडलं. अभिमन पुढच्या खोलीत पेपर तपासत होता. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली. त्याची बायको पुष्पा पाणी घेऊन आली. कोपऱ्यात फोन होता. मी पाणी पिते न पिते तोच तो वाजला, आणि अभिमनच्या हाताशी असूनही त्यानं उचलला नाही. “अगं, घे गं,” म्हणून आत हाक मारली.

पुष्पा फोन घेऊन बोलली, ठेवला आणि मला हसत म्हणाली, “हे फोन घेतच नाहीत, आक्का. आकडा आला की ह्यांना घाम फुटतो. कॉलेजातसुद्धा शिपायाला उचलायला लावतात.”

अभिमन पेपरांकडं बघत राहिला. मी पिशवीतून कॅसेट काढून त्याच्यापुढं ठेवली, वर चिठ्ठी. म्हटलं, “वाच.”

त्यानं वाचली. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. कॅसेट कधी आली, माझी तीन उत्तरं कशी गेली, मी ती का दडवली, सरांशी काय खोटं बोलले. “तुझा कान चांगला होता, अभिमन. तेरा तू पहिल्याच खेपेला ऐकलं होतंस. दोनदा ऐकायची खोड मी लावली, आणि लागलीय हे दिसल्यावरही सोडवली नाही. माझं नाक खाली होईल म्हणून.”

त्यानं चिठ्ठी परत वाचली. पुष्पा दाराशीच उभी राहिली. मला वाटलं, आता हा मला ऊठ म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे होतं.

तेवढ्यात फोन परत वाजला. पुष्पा पुढं झाली. मी तिला हातानं थांबवलं आणि अभिमनला म्हटलं, “तू घे. एकदाच ऐकायचं. ऐकशील ते लगेच लिहायचं. परत विचारायचं नाही.”

त्यानं माझ्याकडं रागानं बघितलं. मग उचलला. दिल्लीहून कोणी साहेब होता, कुठल्यातरी चर्चासत्राबद्दल. इंग्रजी फाडफाड, आवाज इतका मोठा की रिसीव्हरातून बाहेर येत होता. तारीख सांगितली, कोणा बाईला फोन करायचा तिचं आडनाव अक्षरं सुटी करून सांगितलं, सात आकडी नंबर सांगितला आणि लाइन कट. अभिमनचा हात थांबला नाही. तपासायच्या पेपराच्या मागच्या बाजूला त्यानं सरळ लिहिलं. जुन्या सवयीनं मीही बॉलपेननं तळहातावर लिहीत होते. तारीख दोघांची तेरा. आडनाव सारखं. नंबरात माझा एक आकडा सुटला होता. त्याच्या कागदावर सातही होते.

“फिरवून बघ,” मी म्हटलं.

त्यानं दिल्लीचं शून्य अकरा लावून नंबर फिरवला. पलीकडं एक बाई बोलली, त्यानं तिचं आडनाव विचारलं, ती हो म्हणाली. त्यानं दोन वाक्यं बोलून फोन ठेवला. रिसीव्हरवरचा हात त्यानं बराच वेळ उचलला नाही. पुष्पा हसू लागली होती, “अहो, जमलं की!” म्हणत होती. तिला वाटलं, चांगलं झालं. मला माहीत होतं की आत्ता त्याला नेमकं काय गेलं ते दिसत होतं.

“हे तेव्हाही आलं असतं, आक्का,” तो म्हणाला.

“हो.”

“महिना होता हातात.”

“हो रे, होता.”

त्यानं मला रागावून हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्यानं पुष्पाला चहा टाकायला सांगितलं. चहा झाल्यावर मला स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडलं, जळगावच्या गाडीत खिडकीची जागा बघून दिली, खाली वाकून पाया पडला. दर दिवाळीला येणारं त्याचं पत्र त्यानंतर आलं नाही.